साखरेला वास नसतो

साखरेच्या डब्याचं झाकण उघडा आणि अगदी आत नाक घालून हुंगून बघा. काहीच येत नाही. डबा जुना असेल तर डब्याचा येईल, शेजारी लवंगा ठेवल्या असतील तर लवंगांचा येईल, पण साखरेचा म्हणून असा वास नाहीच. भाचीला हे करून दाखवलं तेव्हा ती दोन मिनिटं डबा हातात घेऊन उभीच राहिली आणि मग म्हणाली, अगं मावशी, मग माझ्या परफ्युमच्या बाटलीवर व्हॅनिला, कॅरमल, कॉफी असं सगळं गोड गोड लिहिलंय ते काय आहे?

एकोणीस वर्षांची आहे ती. कॉलेजला जाताना तिच्याबरोबर बेकरीच्या दारातून यावा तसा वास घराबाहेर पडतो, आणि तिच्या सगळ्या मैत्रिणींचाही थोड्याफार फरकाने तोच. मला अत्तरांचा आणि परफ्युमचा नाद गेली बरीच वर्षं आहे, घरी छोटा वजनकाटा आहे, दोन शेल्फं भरून बाटल्या आहेत, थोडंफार मिसळून बघते. त्यामुळे तिचा प्रश्न मला फार आवडला आणि उत्तर तोंडी द्यायच्या ऐवजी मी गॅस पेटवला.

जाड बुडाच्या कढईत चार चमचे साखर, पाणी नाही, मंद आच. सुरुवातीला काहीच नाही, नुसती गरम कढई. मग कडेने साखर वितळायला लागते, पाण्यासारखी दिसते, तरी वास नाही. रंग फिका सोनेरी झाला की एकदम काहीतरी सुरू होतं, साधारण 170 अंशांच्या आसपास, आणि मग अर्ध्या मिनिटात अख्खं स्वयंपाकघर भरून जातं. त्याच्यापुढे अजून थोडं गेलं की रंग तांबूस, मग तपकिरी, वासात कडसरपणा येतो, आणि तिथे हात आखडता घेतला नाही तर धूर. कॅरमल कस्टर्ड करणाऱ्या प्रत्येकीला हा शेवटचा अर्ध्या मिनिटाचा खेळ माहितीये. म्हणजे ज्याला आपण गोड वास म्हणतो तो साखरेचा नाहीच, साखर जळायला लागल्याचा आहे.

आणि गंमत म्हणजे बाकीच्या दोघांचंही तेच. कॉफीची हिरवी बी हातात घेऊन बघा, ओल्या गवतासारखा, फार तर कच्च्या वाटाण्यासारखा वास येतो, कॉफीचा नाही, ती भाजल्यावर कॉफी होते. व्हॅनिलाची ताजी शेंग तर दिसायला फरसबीची लांब बहीण आणि वासाला जवळजवळ काहीच नाही. तिला गरम पाण्यात बुडवतात, मग ब्लँकेटमध्ये गुंडाळून घाम फोडतात, मग उन्हात वाळवतात, मग पेटीत मुरवतात, आणि हे सगळं कित्येक महिने चालतं तेव्हा ती काळी, तेलकट आणि सुगंधी होते. गुलाब, मोगरा, केवडा हे झाडावरच सुगंधी असतात. हे तिघं आधी मुके असतात, ऊब मिळाली की बोलतात. मला वाटतं की या वासांत जी घरातली, कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी करतंय अशी भावना येते ना, तिचं मूळ इथे आहे, कारण हे वास माणसाचा हात आणि चूल मध्ये आल्याशिवाय होतच नाहीत.

तर कढईतल्या त्या वासात बरीच रसायनं असतात, त्यातलं एक म्हणजे माल्टॉल. भाजलेल्या धान्यात, कॅरमलमध्ये सापडतं. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्यात थोडा फेरफार करून इथाइल माल्टॉल बनवलं, जे माल्टॉलपेक्षा कितीतरी पट तीव्र आहे. पांढरी भुकटी. तिचा वास म्हणजे थेट जत्रेतले म्हातारीचे केस, ते गुलाबी, काडीवर गुंडाळलेले. आधी ही भुकटी मुख्यतः खाण्याच्या पदार्थांत वापरायचे. परफ्युममध्ये ती अगदी पुढे आणून बसवली 1992 साली, तिएरी म्युग्लर या फ्रेंच फॅशन डिझायनरच्या एंजल या परफ्युममध्ये. बनवणारा ऑलिव्हिए क्रेस्प. म्युग्लर स्ट्रासबूर्गचा, त्याला लहानपणीच्या जत्रेतल्या मिठायांचा वास हवा होता. त्या वर्षी बाजारात पाण्यासारखे, हलके, स्वच्छ वास येत होते आणि त्यात निळ्या ताऱ्याच्या बाटलीतून हे जळक्या साखरेचं प्रकरण आलं. आज ज्यांना गूर्मां म्हणतात, म्हणजे खाण्याच्या पदार्थांची आठवण देणारे परफ्युम, त्या सगळ्यांची ही आई.

पण एंजल नुसतं गोड असतं तर ते चाललं नसतं असं माझं ठाम मत आहे. त्यात गोडाच्या शेजारी पचौली ठासून भरलीये. पचौली म्हणजे सुगंधी पानांची एक वनस्पती, आपल्याकडे जिला पाच म्हणतात त्याच कुळातली. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून युरोपात शाली जायच्या तेव्हा कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांमध्ये हीच पानं घालायचे, आणि तिकडच्या बायका म्हणे या वासावरूनच शाल अस्सल आहे की नाही ते ओळखायच्या. ओल्या मातीचा, जुन्या लाकडी कपाटाचा, थोडा कडू, थोडा औषधी असा तो वास. कढईत जो शेवटचा कडसरपणा येतो ना, ते काम एंजलमध्ये पचौली करते. गोडाला टेकायला भिंत मिळते.

हे भाचीला नुसतं सांगून पटलं नसतं म्हणून आम्ही रविवारी दुपारी बसलो. तीन छोट्या बाटल्या घेतल्या, तिन्ही अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या, पचौलीचं तेल दहा टक्के, व्हॅनिलाला तिचा वास देणारं व्हॅनिलिन दहा टक्के आणि इथाइल माल्टॉल फक्त एक टक्का. आधी दहा थेंब व्हॅनिलिन आणि दहा थेंब इथाइल माल्टॉल एकत्र केलं आणि कागदाच्या पट्टीवर लावलं. भाची म्हणाली, वॉव. पाच मिनिटांनी म्हणाली, छान आहे. पंधरा मिनिटांनी तिने पट्टी लांब सरकवून ठेवली. कारण तो वास हलतच नाही, पहिल्या क्षणी जो आहे तोच तासाभराने आहे, सरळ रेष. मग त्यातच वीस थेंब पचौली घातली. आता हिशोब बघा, प्रत्यक्ष पदार्थ मोजला तर पचौली इथाइल माल्टॉलच्या वीस पट झाली, तरीसुद्धा गोडवा कुठेही दबला नाही, उलट तो आता कॅरमलसारखा वाटायला लागला, आधी नुसती पिठीसाखर होती. चॉकलेट घातलंयस का तू, असं तिने विचारलं. नव्हतं घातलं. मातकट आणि गोड एकत्र आलं की नाक स्वतःच चॉकलेट बनवतं.

इथाइल माल्टॉल एक टक्काच का, हे मी नुकसान करून शिकलेय. काही वर्षांपूर्वी एका बाटलीवर लेबल लावायचं राहिलं आणि दहा टक्क्यांचं द्रावण एक टक्क्याचं समजून ओतलं. मिश्रण वाया गेलं ते गेलंच, पण त्या खोलीत दोन दिवस कुणाला बसवेना, आईचं डोकं धरलं, पडद्यांना तो चिकट वास लागला तो धुतल्यावरच गेला. स्वस्तातल्या गोड परफ्युममध्ये बऱ्याचदा हेच झालेलं असतं. ओळखायचं कसं तर कागदावर किंवा मनगटावर लावून अर्धा तास थांबायचं, आणि अर्ध्या तासानंतरही पहिल्या सेकंदाचाच वास तितक्याच जोरात येत असेल, त्याच्या खाली लाकूड, मसाला, फूल, धूर काहीच सापडत नसेल तर ती नुसती भुकटी आहे. दुकानात त्या वाटीत कॉफीच्या बिया ठेवतात नाक ताजं करायला, त्याचा काही विशेष उपयोग नसतो, साध्या हवेने तेवढंच होतं, बाहेर जाऊन या दोन मिनिटं.

आता व्हॅनिला. मूळची मेक्सिकोची वेल, एक ऑर्किड. युरोपियनांनी ती आपापल्या वसाहतींत नेऊन लावली, वेल वाढायची पण शेंगच धरायची नाही, कारण फुलाचं परागीकरण करणारे कीटक मागे मेक्सिकोत राहिले होते. 1841 साली हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने एका बारीक काडीने आणि अंगठ्याने ते फूल कसं फळवायचं ते शोधून काढलं. फूल उमलतं सकाळी आणि काही तासांत मिटतं, तेवढ्यात एकेक फूल हाताने. आजही मादागास्करमध्ये तसंच करतात. हा मुलगा पुढे गरिबीतच गेला. मी व्हॅनिलाची शेंग चिरते तेव्हा दरवेळी त्याची आठवण येते आणि वाईट वाटतं.

एवढी मेहनत, आणि मुरलेल्या शेंगेत व्हॅनिलिन असतं जेमतेम दोन टक्के. म्हणून 1874 साली जर्मनीत हारमान आणि टीमान या दोघांनी पाइनच्या झाडातल्या एका द्रव्यापासून व्हॅनिलिन बनवलं तेव्हा सगळं चित्रच बदललं. आपण लहानपणी जो व्हॅनिला ओळखला, ती स्वयंपाकघरातली इसेन्सची बुटकी बाटली, वाळूवर ठेवून केलेला केक, पाहुणे आले की कस्टर्ड पावडरचं फ्रूट सॅलड, तो सगळा हाच. माझ्या आजीचा गोड वास वेलची आणि जायफळाचा होता, पुरणाचा. आईच्या पिढीत त्यात इसेन्सची बाटली आली आणि भाचीच्या पिढीला गोड म्हटलं की आधी व्हॅनिलाच आठवतो. एका घरातल्या तीन पिढ्यांत हे झालंय.

आणि आवडण्याच्या बाबतीत व्हॅनिलिनला तोड नाही. 2022 मध्ये एक अभ्यास आला होता, जंगलात शिकार करून राहणाऱ्यांपासून शहरातल्यांपर्यंत वेगवेगळ्या संस्कृतींतल्या माणसांना दहा वास हुंगायला देऊन आवडीप्रमाणे लावायला सांगितले, तर सगळ्यांत वर आलं व्हॅनिलिन. म्हणजे ही आवड नुसती आइस्क्रीमने लावलेली नाही. अर्थात सवयीचाही भाग आहेच, जर्मनीत एकदा असं बघितलं होतं की ज्यांना लहानपणी बाटलीचं, व्हॅनिला घातलेलं दूध मिळालं होतं त्यांना मोठेपणी टोमॅटो केचपसुद्धा किंचित व्हॅनिला घातलेला जास्त आवडला. दोन्ही खरं आहे, थोडं जन्माने आणि थोडं दुधाबरोबर.

पण मग आवड जर इतकी जुनी आहे तर गोड परफ्युमची लाट आत्ताच का? लोक म्हणतात कोविडमुळे, ताणामुळे, सगळ्यांना मायेचं काहीतरी हवंय म्हणून. असेल. मला मात्र दुसरं एक कारण जास्त मोठं वाटतं, ते म्हणजे परफ्युम आता हुंगून घेत नाहीत, वाचून घेतात. भाचीने आजवर जेवढ्या बाटल्या घेतल्या त्यातली एकही आधी हुंगलेली नव्हती, मोबाइलवर कुणीतरी तीस सेकंदांत सांगितलं आणि हिने मागवली. आता बघा, त्या वर्णनात व्हेटिव्हर, आयरिस, अल्डिहाइड, ओकमॉस असं लिहिलं असेल तर एकोणीस वर्षांच्या मुलीच्या नाकात काय उभं राहणार? काहीच नाही. पण कॅरमल लिहिलं, व्हॅनिला लिहिलं, कोल्ड कॉफी लिहिलं की वाचता वाचताच वास येतो. मोगरा वाचूनही येतो, पण मोगरा आजीच्या गजऱ्याचा, तो तिला आत्ता नकोय. खाण्याचे वास शब्दांतून जवळजवळ तसेच्या तसे पोचतात. न हुंगता विकायचं असेल तर हेच विकलं जाणार.

त्याला जोड मिळाली पैशाची. अस्सल गुलाबाचं, चंदनाचं, उदाचं काही करायचं तर खर्च बघून घाम फुटतो, पण व्हॅनिलिन आणि इथाइल माल्टॉल स्वस्त, थोडंसं पुरतं आणि कपड्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत बसतं. चार-पाचशे रुपयांच्या बॉडी मिस्टमध्येही ते नीट वाजतं. दुबईच्या लताफा या कंपनीने 2022 मध्ये खमरा हे परफ्युम आणलं, खजूर, दालचिनी आणि प्रालीनचं, पुढच्या वर्षी त्याचाच कॉफीवाला भाऊ कहवा, आणि आता आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये शिरलं की दहा पावलांत एकदा तरी तो वास भेटतोच. मला तो आवडतो, कारण त्यात मसाला आहे, गोड एकटं सोडलेलं नाही.

आपल्या हवेत मात्र हे वास जपून वापरायला लागतात. उकाड्यात कातडी तापते, वास जास्त वेगाने उडतो, आणि हे रेणू मुळातच ढकलून पुढे येणारे. लोकलच्या लेडीज डब्यात ऑक्टोबरात सकाळी साडेआठला कुणी सहा फवारे कॅरमल मारून आलं की शेजारणीला मळमळतं, आणि लावणारीला कळतच नाही कारण तिचं स्वतःचं नाक वीस मिनिटांत त्या वासाला सरावलेलं असतं. दिवसा एकच फवारा, तोही कपड्यांच्या आत पोटावर. संध्याकाळी, पावसात किंवा डिसेंबरात हौस करावी.

आणि फिकट कपड्यावर मारू नये, हे मी कळकळीने सांगते. व्हॅनिलिन काळाबरोबर तपकिरी पडतं. माझ्या पांढऱ्या चिकनच्या कुर्त्यावर गळ्याशी एक पिवळट डाग आहे, मारला तेव्हा काहीच दिसलं नव्हतं, पुढच्या मोसमात कपाटातून काढला तर दिसला. बाटलीतला परफ्युमही असाच वर्षभरात चहासारखा होतो, खूप जण तो खराब झाला म्हणून टाकून देतात. टाकू नका. रंगावर जाऊ नका, पहिल्या मिनिटाचा वास घ्या, तो आंबट किंवा वार्निशसारखा आला तर गेला, नाहीतर तो चांगलाच आहे, बऱ्याचदा आधीपेक्षा गोल झालेला असतो.

कॉफीबद्दल लिहायचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं.

तिघांत कॉफी परफ्युममध्ये बसवायला सगळ्यात अवघड. भाजलेल्या कॉफीच्या वासातला कणा म्हणजे एक गंधकयुक्त रेणू, फर्फ्युरिल थायॉल, 1920 च्या दशकात श्टाउडिंगर आणि राइशश्टाइन या रसायनशास्त्रज्ञांनी कॉफीत शोधलेला. तो इतका तीव्र आहे की नाकाला अगदी नाममात्र पुरतो, जरा जास्त झाला की कॉफी जाऊन जळक्या रबराचा वास येतो. आणि टिकत नाही, हवेशी गाठ पडली की बदलतो, उडून जातो. कॉफी उघडी राहिली की मेल्यासारखी होते त्याचं हेही एक कारण. म्हणून कॉफीचं म्हणून घेतलेलं परफ्युम तासाभरात व्हॅनिलाचं होऊन जातं. 2014 चं ब्लॅक ओपियम, ज्याने कॉफी घराघरात नेली, चार परफ्युमरनी मिळून केलेलं, त्यातही कॉफी दारापर्यंत सोडायला येते आणि पुढे तुमची सोबत करतात ती पांढरी फुलं, व्हॅनिला आणि पुन्हा आपली पचौली. तक्रार म्हणून नाही सांगत, तो पदार्थाचा स्वभावच आहे.

माझ्या ताईला, म्हणजे भाचीच्या आईला, 2021 च्या एप्रिलमध्ये कोविड झाला आणि वास गेला. दोन महिन्यांनी परत आला तो वेडावाकडा. आमच्या घरी कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वरून सहाणेवर उगाळलेलं जायफळ, ताईची रोजची चार वाजताची. तिला त्या कॉफीचा वास सडल्यासारखा यायला लागला. कांदा परतला की ती गच्चीत जाऊन उभी राहायची. डॉक्टरांनी गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी रोज दोनदा हुंगायला सांगितलं होतं, ती नेमाने करायची आणि रडायची. पुढे वाचनात आलं की इंग्लंडमध्ये असे रुग्ण घेऊन कॉफीतले रेणू एकेक करून हुंगायला दिले तेव्हा सगळ्यात जास्त जणांना घाण वाटलेला रेणू हाच होता, फर्फ्युरिल थायॉल. ते वाचून ताईला खूप बरं वाटलं, आपल्या डोक्यात काही झालेलं नाही, एका ठरावीक गोष्टीशी नाकाचं बिनसलंय एवढंच.

त्या वर्षी तिला सरळ कळणारे वास दोन-तीनच होते, त्यातला एक कपाटातल्या इसेन्सच्या बाटलीचा. ती बाटली उशाशी असायची. भाची तेव्हा शाळेत होती. तिचा पहिला व्हॅनिलाचा मिस्ट तिने तेव्हाच घेतला, आईच्या शेजारी झोपताना लावायची, हे मला परवा कढईसमोर उभं असताना तिने सांगितलं. मला माहितीच नव्हतं. मी आपली इतके दिवस रीलवाल्यांना दोष देत होते.

त्या रविवारी आमच्या मिश्रणात शेवटी मी कॉफीच्या अर्काचे दोन थेंब घातले, पट्टी हलवून सुकवली आणि स्वयंपाकघरात ताईपुढे धरली. तिने डोळे मिटून वास घेतला, पट्टी लांब नेली, परत जवळ आणली.

"कॉफी आहे," ती म्हणाली. "जायफळ विसरलीस."